फिरत्या बादलीतलं पाणी भिंतीवर का चढतं आणि मध्ये खड्डा का पडतो?

एक बादली अर्धी पाण्याने भरा. कडीला दोरी बांधून ती छताच्या हुकाला किंवा झाडाच्या फांदीला टांगा. मग बादली गोल गोल फिरवून दोरीला भरपूर पीळ द्या, पाणी स्थिर होईपर्यंत बादली धरून ठेवा आणि सोडून द्या.

पीळ उलगडायला लागतो आणि बादली गरगर फिरू लागते. पहिले काही क्षण पाण्याला मात्र त्याचा पत्ताच नसतो. बादली फिरते, पण पाण्याचा पृष्ठभाग सपाट असतो. थोड्या वेळाने पाणीही फिरायला लागतं आणि मग मधला भाग खाली जातो, कडेचं पाणी भिंतीवर चढतं. आता बादली हाताने धरून थांबवा. बादली थांबली तरी पाणी फिरतच राहतं आणि मधला खड्डाही काही वेळ तसाच राहतो.

हा प्रयोग आयझॅक न्यूटनने केला होता आणि १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात त्याचं वर्णनही लिहून ठेवलं होतं. पाण्यात पडणारा तो खड्डा वरवर साधा वाटतो, पण तो नेमका का पडतो हे समजून घेताना बऱ्याच जणांची गल्लत होते.

‘पाणी बाहेर फेकलं जातं’ हे उत्तर अर्धंच आहे

हा प्रश्न विचारला की बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘अपकेंद्री बलामुळे पाणी बाहेर फेकलं जातं.’ हे उत्तर चूक नाही. पण मग पुढचा प्रश्न येतो. पाणी बाहेर फेकलं जात असेल, तर ते भिंतीवर ठरावीक उंचीपर्यंतच चढून थांबतं कसं? आणि सगळं पाणी कडेला न जाता मध्ये गुळगुळीत वाटीसारखा आकार का तयार होतो?

यासाठी बादलीबाहेर उभं राहून पाहू. कोणतीही वस्तू आपली आपण गोल फिरत नाही. तिला मोकळं सोडलं तर ती सरळ रेषेत जाते. दोरीला दगड बांधून फिरवताना हात सतत दोरी आत ओढत असतो, म्हणून दगड गोल फिरतो. दोरी सुटली की दगड सरळ निघून जातो. गोल फिरायचं तर कोणीतरी सतत केंद्राकडे ढकलत किंवा ओढत राहावं लागतं. याला पाठ्यपुस्तकात अभिकेंद्री बल म्हणतात.

बादलीतल्या पाण्याच्या प्रत्येक थेंबाला असाच आत ढकलणारा जोर लागतो. अगदी भिंतीलगतच्या पाण्याला भिंत ढकलते. पण भिंतीपासून चार बोटं आत असलेल्या पाण्याला कोण ढकलणार? तिथे ना दोरी आहे, ना भिंत. त्याला ढकलू शकतं ते फक्त शेजारचं पाणी.

पृष्ठभाग सपाट असेल तर एकाच खोलीवर सगळीकडे दाब सारखा असतो. थेंबावर आतून जितका जोर, तितकाच बाहेरून. म्हणजे त्याला गोल फिरवायला काहीच शिल्लक राहत नाही. त्यामुळे फिरू लागलेलं पाणी सरळ जाण्याच्या ओढीने बाहेरच्या बाजूला सरकतं आणि कडेला साठायला लागतं.

इथेच खरी गंमत होते. पाण्याचा दाब त्याच्या वर किती पाणी उभं आहे यावर ठरतो. कडेला पाणी साठलं की तिथली उंची वाढते आणि उंची वाढली की तिथल्या तळाशी दाबही वाढतो. आता थेंबाच्या बाहेरच्या बाजूला दाब जास्त आणि आतल्या बाजूला कमी, म्हणून त्याला केंद्राकडे ढकलणारा जोर मिळतो. जोपर्यंत हा जोर अपुरा आहे तोपर्यंत पाणी कडेला साठत राहतं. तो पुरेसा झाला की साठणं थांबतं.

म्हणजे कडेला चढलेलं पाणी नुसतं बाहेर फेकलं गेलेलं पाणी नाही. त्याच्याच वजनाच्या दाबामुळे आतलं सगळं पाणी वर्तुळात टिकून राहतं.

वाटीचा आकार कसा ठरतो?

केंद्रापासून जितकं दूर जावं, तितका आत ढकलणारा जोर जास्त लागतो. सगळं पाणी एका चाकासारखं एकत्र फिरत असेल, तर केंद्रापासून दुप्पट अंतरावरच्या थेंबाला दुप्पट जोर हवा. जोर उंचीतल्या फरकातून येतो, म्हणून तिथे पृष्ठभागाचा उतारही दुप्पट हवा. अगदी मध्यभागी अंतर शून्य, म्हणून उतारही शून्य. त्यामुळे वाटीचा तळ टोकदार न होता सपाट, गोलसर राहतो.

उतार अंतराच्या प्रमाणात वाढत गेला की उंची अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अशा वक्राला गणितात अन्वस्त म्हणतात. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांना तो पॅराबोला म्हणून माहीत असतो.

आता एक उदाहरण आकड्यांसकट पाहू. सरळ भिंतींची एक बादली आहे. तिची त्रिज्या १५ सेंटीमीटर आहे आणि ती सेकंदाला एक फेरा घेते. पाणी तिच्या बरोबरीने फिरू लागल्यावर वाटीच्या तळापासून पाण्याची उंची अशी निघते:

- केंद्रापासून ५ सेंटीमीटरवर: सुमारे अर्धा सेंटीमीटर
- १० सेंटीमीटरवर: सुमारे २ सेंटीमीटर
- १५ सेंटीमीटरवर, म्हणजे भिंतीशी: सुमारे साडेचार सेंटीमीटर

अंतर दुप्पट झालं तर उंची चौपट, तिप्पट झालं तर नऊपट. भिंतीजवळ उतार जवळजवळ ३१ अंशांचा होतो. म्हणजे तो डोळ्यांना सहज दिसतो.

भिंतीजवळची उंची काढायची एक सोपी युक्ती आहे. बादलीची कड ज्या वेगाने फिरते आहे, त्याच वेगाने एक चेंडू सरळ वर फेकला असता तर तो जितका उंच गेला असता, पाणीही मधल्या तळापेक्षा तितकंच उंच चढतं. आपल्या बादलीची कड सेकंदाला सुमारे ९४ सेंटीमीटर जाते. त्या वेगाने वर फेकलेला चेंडू साडेचार सेंटीमीटर उंच जाऊन खाली येतो. आणि वेग दुप्पट केला तर उंची चौपट होते. सेकंदाला दोन फेरे झाले की फरक १८ सेंटीमीटरपर्यंत जातो.

एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. सरळ भिंतींच्या भांड्यात मधला भाग जितका खाली जातो, बरोबर तितकाच कडेचा भाग वर चढतो. साडेचार सेंटीमीटरच्या फरकात मूळ पातळीपासून सव्वादोन सेंटीमीटर खाली आणि सव्वादोन सेंटीमीटर वर. याचा अर्थ बादलीत मुळात सव्वादोन सेंटीमीटरपेक्षा कमी पाणी असेल, तर मध्ये बादलीचा तळ उघडा पडेल आणि मग वरचा हिशेब जसाच्या तसा लागू होणार नाही. वर रुंद आणि खाली निमुळत्या बादलीतही पृष्ठभागाचा आकार अन्वस्तच असतो, फक्त ही ‘निम्मं खाली, निम्मं वर’ वाटणी थोडी बदलते.

पाण्याऐवजी तेल किंवा पारा असेल तर?

पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पटींनी जड आहे. मग तो कमी चढेल का? नाही. सारख्या भांड्यात, सारख्या वेगाने फिरवलं तर पाणी, गोडेतेल आणि पारा यांची वाटी एकसारखीच होते.

कारण सरळ आहे. द्रव साडेतेरा पट जड असेल, तर त्याला वर्तुळात फिरवायला साडेतेरा पट जोर लागतो. पण त्याच द्रवाचा कडेला साठलेला थर दाबही साडेतेरा पट देतो. दोन्ही बाजूंना सारखीच वाढ झाल्याने वजनाचा मुद्दाच हिशेबातून निघून जातो. आकार ठरतो तो फक्त फिरण्याच्या वेगावर आणि गुरुत्वाकर्षणावर.

फरक पडतो तो वेळेत. भांडं फिरायला लागल्यावर आतला द्रव त्याच्या वेगाला पोचायला किती वेळ घेईल, हे त्याच्या चिकटपणावर अवलंबून असतं. मध घट्ट असल्यामुळे लगेच भांड्याबरोबर फिरू लागतो. पाणी पातळ असल्यामुळे मागे रेंगाळतं. खरं तर फक्त बाजूच्या भिंतींच्या घर्षणावर सोडलं, तर आपल्या बादलीतलं पाणी पूर्ण वेगाला यायला काही तास लागले असते. प्रत्यक्षात ते एक-दोन मिनिटांतच येतं, कारण यात बादलीचा तळ मदत करतो. तळालगतचा पातळ थर आधी फिरू लागतो आणि कडेकडे सरकतो, त्याची जागा घ्यायला मधलं पाणी खाली उतरतं आणि असं पाणी आतल्या आत खेळत राहिल्यामुळे वेग सगळीकडे लवकर पसरतो.

चमच्याने ढवळलेला चहा वेगळा

कपात चहा ढवळतानाही मध्ये खड्डा पडतो. कारण तेच, पण तिथला आकार हुबेहूब अन्वस्त नसतो. कप जागेवर स्थिर असतो आणि चमच्याने फिरवलेला चहा भिंतीजवळ आणि तळाशी घर्षणाने मंदावतो. सगळा चहा एका चाकासारखा फिरत नाही.

दोन्हींतला फरक ओळखायची खूण सोपी आहे. पाण्यावर एक लहानसा कागदाचा कपटा टाका. बादलीतलं पाणी बादलीबरोबर एकजीव होऊन फिरत असेल, तर तो कपटा कायम बादलीच्या भिंतीवरच्या एकाच खुणेसमोर राहील. जणू तो बादलीला चिकटवला आहे. कपटा खुणेपासून मागे-पुढे सरकत असेल, तर पाणी अजून पूर्ण वेगाला आलेलं नाही आणि मोजलेली उंची हिशेबाशी जुळणार नाही.

ढवळलेल्या चहाच्या तळाशी असलेली चहापूड मध्यभागी गोळा होते, तीही याच दाबामुळे. कडेला चहा उंच असल्याने तिथे दाब जास्त असतो. वरचा चहा वेगाने फिरत असल्यामुळे तो दाब पेलतो. पण तळालगतचा थर घर्षणाने मंदावलेला असतो. त्याला इतक्या जोराची गरज नसते, तरी दाब मात्र तेवढाच असतो. म्हणून तो थर आत ढकलला जातो आणि पूड सोबत घेऊन जातो. अल्बर्ट आइनस्टाइनने १९२६ साली नद्यांची वळणं का वाढतात यावर लेख लिहिला, तेव्हा त्याने याच चहाच्या कपाचं उदाहरण घेतलं होतं.

न्यूटनला खरं तर काय विचारायचं होतं?

पुन्हा सुरुवातीच्या प्रयोगाकडे येऊ. न्यूटनला पाणी किती सेंटीमीटर चढतं यात रस नव्हता. त्याला पडलेला प्रश्न असा होता: पाणी फिरतंय असं आपण म्हणतो, ते नेमकं कशाच्या तुलनेत?

सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे बादलीच्या तुलनेत. पण प्रयोग हे उत्तर खोडून काढतो. सुरुवातीला बादली फिरत होती आणि पाणी स्थिर होतं. दोघांच्या वेगात सर्वाधिक फरक होता, तरीही पृष्ठभाग सपाट. नंतर पाणी आणि बादली एकत्र फिरू लागले. दोघांत काहीच फरक उरला नाही आणि नेमका तेव्हाच खड्डा सगळ्यात खोल होता. म्हणजे खड्डा पडायचा की नाही, हे बादलीवरून ठरत नाही.

न्यूटनने यातून निष्कर्ष काढला की विश्वात एक स्थिर, निरपेक्ष अवकाश आहे आणि खरं फिरणं त्या अवकाशाच्या संदर्भात असतं. दोनशे वर्षांनी, १८८३ साली, ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांनी त्यावर आक्षेप घेतला. बादलीची पातळ भिंत पाण्यावर परिणाम करत नाही, एवढंच प्रयोगातून कळतं. पण तीच भिंत कित्येक मैल जाड असती, तर काय झालं असतं हे कोण सांगणार? माख यांच्या मते फिरणं ठरतं ते विश्वातल्या दूरच्या ताऱ्यांच्या, म्हणजे सगळ्या वस्तुमानाच्या संदर्भात. आइनस्टाइनला सापेक्षतेचा व्यापक सिद्धांत मांडताना या विचाराचा उपयोग झाला. फिरणारी जड वस्तू आपल्या आसपासच्या अवकाशालाही किंचित सोबत ओढते असं तो सिद्धांत सांगतो आणि पृथ्वीभोवती फिरणाऱ्या ‘ग्रॅव्हिटी प्रोब बी’ या उपग्रहाने तो अतिसूक्ष्म परिणाम मोजलाही आहे. माख यांचं म्हणणं पूर्णपणे खरं आहे का, यावर मात्र भौतिकशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

नैनितालजवळची पाऱ्याची ‘बादली’

अन्वस्त आकाराचा एक खास गुण आहे. त्याच्या आतल्या बाजूने आरसा केला, तर दुरून समांतर आलेले सगळे किरण एकाच बिंदूत येऊन मिळतात. दुर्बिणीला नेमका असाच आरसा लागतो. काच घासून तो बनवणं खर्चिक आणि वेळखाऊ काम आहे. पण फिरणारा द्रव तोच आकार आपोआप घेतो. मग चकचकीत पारा फिरवून आरसा का बनवू नये? इटलीचे खगोलशास्त्रज्ञ एर्नेस्तो कापोची यांनी १८५० साली ही कल्पना मांडली होती. अमेरिकेचे रॉबर्ट वूड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असा आरसा करूनही पाहिला. पण जराशा हादऱ्याने पाऱ्यावर तरंग उठायचे आणि प्रतिमा बिघडायची.

आज अशी दुर्बीण भारतात आहे. उत्तराखंडमध्ये नैनिताल जिल्ह्यातल्या देवस्थळ इथे, सुमारे २४५० मीटर उंचीवर, ‘एरीज’ या संस्थेच्या परिसरात ‘इंटरनॅशनल लिक्विड मिरर टेलिस्कोप’ उभी आहे. बेल्जियम, कॅनडा आणि इतर देशांच्या सहकार्याने ती बांधली गेली आणि २०२२ साली तिने आकाशाची पहिली छायाचित्रं घेतली.

तिचा आरसा ४ मीटर व्यासाचा आहे आणि तो साधारण ८ सेकंदांत एक फेरा घेतो. आपला बादलीचा हिशेब इथे लावून पाहू. २ मीटर त्रिज्येची कड ८ सेकंदांत एक फेरा घेते, म्हणजे तिचा वेग सेकंदाला सुमारे १.५७ मीटर. त्या वेगाने वर फेकलेला चेंडू साडेबारा सेंटीमीटर उंच जाईल. म्हणजे पारा मध्यापेक्षा कडेला साडेबारा सेंटीमीटर वर असणार. अशा वाटीचे किरण जवळपास ८ मीटर उंचीवर एकत्र येतात आणि दुर्बिणीचा कॅमेरा तिथेच बसवलेला आहे.

सपाट तळाच्या भांड्यात हे करायचं तर पारा प्रचंड लागला असता. म्हणून भांड्याचा तळच आधी अन्वस्ताच्या आकाराचा केलेला आहे आणि त्यावर पाऱ्याचा काही मिलिमीटर जाडीचा थर पसरतो. तरीही पारा सुमारे ५० लिटर लागतो आणि त्याचं वजन ७०० किलोच्या घरात जातं. हादरे बसू नयेत म्हणून हे सगळं ओझं दाबाखालच्या हवेच्या पातळ थरावर तरंगत फिरतं. भांडं फिरताना निर्माण होणाऱ्या वाऱ्यानेही पाऱ्यावर तरंग उठू शकतात, त्यामुळे वरून अतिशय पातळ पारदर्शक पडदा ताणलेला असतो.

सगळ्यात नाजूक बाब म्हणजे फिरण्याचा वेग. वेग फक्त एक टक्क्याने वाढला, म्हणजे एका फेऱ्याच्या वेळेत सेकंदाच्या बाराव्या भागाइतका फरक पडला, तरी किरण एकत्र येण्याची जागा सुमारे १६ सेंटीमीटर खाली सरकेल आणि प्रतिमा धूसर होईल.

या आरशाला एक मर्यादा मात्र कायमची आहे. काचेचा आरसा हवा तसा कलवता येतो, पाऱ्याचा नाही. कारण त्याचा आकार फिरणं आणि गुरुत्वाकर्षण या दोघांनी मिळून ठरवलेला आहे आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा बदलता येत नाही. भांडं तिरकं केलं की पारा उताराला ओघळेल. त्यामुळे ही दुर्बीण फक्त सरळ डोक्यावरचं आकाश पाहते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे तिच्यासमोरून सरकतात आणि त्यांच्या सरकण्याच्या वेगाने कॅमेरा आपली नोंद इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पुढे सरकवत राहतो, म्हणून तारे रेघेसारखे न उमटता ठिपक्यासारखेच उमटतात. दर रात्री आकाशाची तीच पट्टी पुन्हा पुन्हा टिपली जाते. त्यामुळे कालच्या चित्रात नसलेला एखादा स्फोट पावलेला तारा किंवा सरकलेली वस्तू दोन रात्रींच्या चित्रांची तुलना केली की सापडू शकते.

अंगणातली बादली असो की देवस्थळचा पारा, दोन्हीकडे कडेचा द्रव एकाच कामासाठी वर चढलेला असतो. तो तिथे उंच उभा राहून आतल्या द्रवाला वर्तुळात ढकलत असतो. फिरणं थांबलं की ढकलायची गरज संपते, चढलेला द्रव खाली येतो आणि पृष्ठभाग पुन्हा सपाट होतो.